घर विकलं, घर घेतलं, पण तीन वर्षं थांबा

जुनं राहतं घर विकून झालेला दीर्घकालीन नफा दुसऱ्या घरात गुंतवला, तर त्यावर आयकर लागत नाही. 1961च्या कायद्यातलं कलम 54 ते हेच. घर बदलणाऱ्याच्या हातात रोकड उरत नाही, मग कर भरायचा कशातून, हा त्यामागचा विचार मला रास्त वाटतो.

पण नवं घर महिनाभरातच विकलं, तर बिनकराचा नफा रोख होऊन हाती येईल. म्हणून तीन वर्षांची अट.

समजा, ठाण्यातलं घर विकून 40 लाख नफा झाला आणि 70 लाखांचा फ्लॅट घेतला. कर शून्य. वीस महिन्यांनी तो फ्लॅट 75 लाखांना विकला. वाटतं, नफा पाचच लाख. कायदा मात्र 70 लाखांतून माफ झालेले 40 लाख वजा करतो. खरेदी किंमत 30 लाख, नफा 45 लाख! शिवाय दोन वर्षांच्या आतली विक्री अल्पकालीन, म्हणून साडेबारा टक्क्यांऐवजी स्लॅबचा दर, म्हणजे 30 टक्क्यांपर्यंत. तीन वर्षं उलटल्यावर विकला असता, तर हिशेब खरंच पाच लाखांचा झाला असता.