खोक्यावर १२००, तारेत ९४

राउटरच्या खोक्यावर ‘एसी १२००’ असं ठळक छापलेलं असतं. जुना राउटर विकायला काढणारा तोच आकडा जाहिरातीत उतरवतो: ‘१२०० एमबीपीएस स्पीड’. फसवायचा हेतू नसतो, पण हा आकडा बनतो कसा ते कळलं की थक्क व्हायला होतं.

आत दोन रेडिओ असतात. २.४ गिगाहर्ट्‌झवरचा कमाल ३०० एमबीपीएस देतो, ५ गिगाहर्ट्‌झवरचा ८६७. बेरीज ११६७, तिचे केले १२००. फोन मात्र सहसा एका वेळी एकाच रेडिओशी जोडलेला असतो. ही बेरीज एकट्या फोनच्या वाट्याला येतच नाही.

आता राउटर उलटा करून मागचे पोर्ट बघा. या वर्गातल्या कित्येक स्वस्त राउटरचे पोर्ट फक्त १०० एमबीपीएसचे असतात आणि इंटरनेट घरात येतं ते त्यातूनच. केबलमध्ये आठ तारा असल्या तरी असा पोर्ट चारच वापरतो. बरं, १००सुद्धा पूर्ण मिळत नाहीत. माहिती पाकिटं करून जाते. एक मोठं पाकीट तारेवर १५३८ बाइटांची जागा अडवतं, त्यात तुमचा मजकूर जेमतेम १४६०. बाकी पत्ते, तपासणीचे आकडे आणि दोन पाकिटांमधली शांतता. तीही मोजली जाते! म्हणून स्पीड टेस्ट ९४-९५वर येऊन थांबते.

पोर्ट कसला आहे ते ओळखणं सोपं आहे. लॅपटॉप केबलने राउटरला जोडा आणि नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड बघा: १०० की १०००. गिगाबिट पोर्ट असूनही १०० दिसले, तर आधी केबल बदलून पाहा. आठातली एखादी तार तुटली की जोडणी बऱ्याचदा १००वर उतरते.

हे सगळं चार ओळींत मावतं:

‘विकणे आहे: ड्युअल बँड वाय-फाय ५ राउटर. खरेदी मार्च २०२१, बिल आहे. चालू स्थितीत, वर ओरखडे, एक लॅन पोर्ट बंद. वाय-फाय कमाल ३०० आणि ८६७, पण सर्व पोर्ट १०० एमबीपीएसचे. १००च्या वरचा प्लॅन असेल तर घेऊ नये. सोबत मूळ अडॅप्टर, १२ व्होल्ट १ अँपिअर. केबल व खोकं नाही. फॅक्टरी रीसेट केलेला. घरी येऊन चालवून बघा. ५०० रुपये.’

अडॅप्टरचे आकडे उगाच दिलेले नाहीत. कमी अँपिअरचा लावला तर दिवे लागतात, राउटर चालूही होतो, आणि घरातले चार फोन एकदम जोडले की मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होतो. दोष राउटरचा वाटतो.

जुना राउटर घेणार असाल आणि जाहिरातीत पोर्टचा वेग दिलेला नसेल, तर पैसे देण्याआधी तो विचारा.