ज्वारीची बिअर, बार्लीची बिअर

बहुतेक बिअर बार्लीच्या माल्टपासून बनते. बार्लीत होर्डीन हे प्रथिन असते आणि ते ग्लूटेनच्या गटातले आहे. बिअर आंबताना साखरेचे अल्कोहोल होते, पण होर्डीनचे अंश तसेच राहतात. सीलिॲक रोग असलेल्यांनी म्हणूनच बार्लीची बिअर टाळायला हवी. त्यांच्या शरीराची प्रतिकारशक्ती ग्लूटेनमुळे स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. एखाद्या ग्लासाने पोट दुखले नाही, तरी आतली इजा थांबतेच असे नाही. कोपर-गुडघ्यांवर खाजरे फोड आणणारा, याच रोगाशी जोडलेला त्वचाविकार असलेल्यांना आणि बार्लीची ॲलर्जी असलेल्यांनाही हेच पथ्य लागू आहे. इतर बहुतेकांना ग्लूटेनमुक्त बिअरचा वेगळा फायदा नाही. अल्कोहोल तिच्यातही असतेच.

बाजारात या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी मिळतात. पहिली बार्लीचीच बिअर असते, पण आंबवताना एक एन्झाइम घालून तिच्यातल्या ग्लूटेनचे तुकडे केलेले असतात. चाचणीत ग्लूटेन किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या आत आले, तर युरोपात तिच्यावर ‘ग्लूटेनमुक्त’ असे छापता येते. अडचण अशी, की तुटलेले तुकडे नेहमीच्या चाचणीत नीट मोजले जात नाहीत. अमेरिकेत म्हणूनच अशा बिअरला हे लेबल मिळत नाही. सीलिॲक रुग्णाने दुसरा प्रकार निवडावा. त्यात बार्ली, गहू, राय यांपैकी काहीच नसते.

हा दुसरा प्रकार बहुधा ज्वारीपासून बनतो. ज्वारीचा स्टार्च बार्लीपेक्षा जास्त तापमानाला, साधारण 70 अंशांच्या पुढे फुलतो. तेवढ्या उष्णतेत माल्टमधली एन्झाइम्स निकामी होऊ लागतात, शिवाय ज्वारीच्या माल्टमध्ये ती मुळात कमी असतात. त्यामुळे बाहेरून एन्झाइम घालावे लागते किंवा तयार ज्वारी-सिरप वापरतात. सिरपच्या बिअरला किंचित आंबूस, कधी धातूसारखी चव येते, अंग पातळ लागते आणि फेस लवकर बसतो. ज्वारी भाजून आणि हॉप्स वाढवून कुशल ब्रुअर ही चव बरीच झाकतात. तांदळाची बिअर याउलट स्वच्छ, हलकी आणि कोरडी लागते. कडक उन्हात थंडगार प्यायला ती बरी, पण माल्टचा बिस्किटासारखा खमंगपणा तिच्यात शोधू नये.

तांदळाच्या बाबतीत एक फसगत होते. लेबलवर ‘तांदूळ’ दिसला म्हणून बिअर ग्लूटेनमुक्त ठरत नाही. अनेक नेहमीच्या लागर बिअरमध्ये बार्लीच्या जोडीला तांदूळ घालतात. घटकांची पूर्ण यादी वाचावी आणि बार्ली किंवा नुसते ‘माल्ट’ दिसले, तर बाटली परत ठेवावी. बारमध्ये नळाची बिअर टाळावी, कारण त्याच नळीतून आधी बार्लीची बिअर गेलेली असू शकते. बंद बाटली किंवा कॅनच मागावा.