रोज सकाळची यादी आणि साहेबांची पाच मिनिटं

बँकेच्या शाखेत सकाळी काउंटर उघडण्याआधी शाखाधिकारी सगळ्यांना बोलावतात आणि सांगतात, की उद्यापासून थकीत कर्जांची यादी कोणी हाताने करायची नाही. रात्री दिवसअखेरीचं काम संपलं, की संगणकच ती तयार करेल आणि सकाळी ती प्रत्येकाच्या टेबलावर असेल. समोरच्यांचे चेहरे उतरतात. वर्षानुवर्षं रजिस्टर ठेवणाऱ्या माणसाला वाटतं, आपलं काम गेलं. तरुण कर्ज अधिकाऱ्याला वाटतं, ही यादी आपल्यावर नजर ठेवायला आणली आहे. या शंकेला इतिहास आहे. बँकांमध्ये संगणक सरळ आले नाहीत, त्यासाठी कर्मचारी संघटना आणि बँका यांच्यात करार व्हावे लागले. त्यातला एक महत्त्वाचा करार 1993 चा. त्यामुळे शंका घेणाऱ्यांना मागासलेलं ठरवून मोकळं होणं मला पटत नाही. त्यांना नेमकं उत्तर द्यावं लागतं.

ते उत्तर तारखांमध्ये आहे. कर्जाचा हप्ता ठरलेल्या दिवशी आला नाही, तर त्या रात्रीच्या दिवसअखेरीला खातं थकीत होतं. सलग तीस दिवस थकलं की ते एसएमए-1 मध्ये जातं, साठ दिवसांनी एसएमए-2 मध्ये आणि नव्वद दिवसांनी एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज होतं. हे वर्गीकरण महिनाअखेरीला करायचं नसून रोजच्या दिवसअखेरीलाच व्हायला हवं, असं रिझर्व्ह बँकेने 12 नोव्हेंबर 2021 च्या परिपत्रकात स्पष्ट केलं. हे काम माणसाच्या हाताऐवजी संगणकप्रणालीतून व्हावं, असा आदेश तिने व्यापारी बँकांना सप्टेंबर 2020 मध्येच दिला होता.

समजा, एका शिक्षकाचा हप्ता 12,400 रुपयांचा आहे आणि तारीख दर महिन्याची 10. पगार दुसऱ्या बँकेत जमा होऊ लागला, इथलं बचत खातं रिकामं राहिलं आणि 10 जुलैचा हप्ता वळता झाला नाही. ऑगस्ट आणि सप्टेंबरचेही तसेच चुकले. 9 ऑगस्टला खातं एसएमए-1, 8 सप्टेंबरला एसएमए-2 आणि 8 ऑक्टोबरला एनपीए. आता त्या दिवसाच्या अलीकडे-पलीकडे काय होतं पाहा. 7 ऑक्टोबरला शिक्षकाने एकच हप्ता, 12,400 रुपये भरले असते, तर जुलैची थकबाकी फिटली असती, सर्वांत जुनी थकबाकी 10 ऑगस्टची ठरली असती आणि खातं एनपीए होण्यापासून वाचलं असतं. 9 ऑक्टोबरला मात्र एका हप्त्याने काही होत नाही. एनपीए झालेलं खातं पुन्हा नियमित करायला सगळी थकबाकी भरावी लागते, म्हणजे तिन्ही हप्त्यांचे 37,200 रुपये आणि वर दंडाची रक्कम. एक दिवस आणखी गेला, की चौथा हप्ताही त्यात येतो. शिवाय त्याच माणसाचं दुसरं कर्ज वेळेवर चालू असलं, तरी तेही एनपीएत ओढलं जातं, कारण वर्गीकरण खात्याचं नाही, कर्जदाराचं होतं.

हाताने केलेली यादी बहुधा महिनाअखेरीची असायची. सप्टेंबरअखेरच्या यादीत हा शिक्षक इतर अनेक नावांमध्ये दिसला असता. पुढची यादी ऑक्टोबरअखेरीला, आणि मधली 8 तारीख कोणाच्याच नजरेला आली नसती. रजिस्टर ठेवणाऱ्याने कितीही मन लावून काम केलं तरी शेकडो खात्यांचे दिवस रोज मोजणं त्याला शक्य नव्हतं. म्हणून साहेबांनी आपल्या पाच मिनिटांत यंत्राचं कौतुक करू नये, हे उदाहरण सांगावं. माझ्या मते ते भाषण साधारण असं असावं:

“मंडळी, उद्यापासून सकाळी थकीत खात्यांची यादी आपोआप येईल. तुमच्यापैकी काहींना ती नको आहे, हे मला माहीत आहे, आणि कारणं खोटी नाहीत. म्हणून तीन गोष्टी आत्ताच सांगतो. पहिली, दोन आठवडे रजिस्टर आणि यादी दोन्ही चालतील. त्यानंतर रजिस्टर बंद. दोन्ही कामं तुमच्या गळ्यात राहणार नाहीत, हा माझा शब्द. दुसरी, या यादीवरून मी कोणाचं मूल्यमापन करणार नाही. यादी खात्याविषयी बोलते, तुमच्याविषयी नाही. कोणाचं नाव घेऊन ती मी सभेत वाचणार नाही. तिसरी, यादी चुकू शकते. रोज सकाळी कर्ज विभागातल्या दोघांनी पाच खाती निवडून त्यांचे उतारे यादीशी ताडून पाहायचे. चूक सापडली तर तीच दुपारी माझ्याकडे आणायची, मी वरच्या कार्यालयात कळवेन. यादीला फक्त दिवस मोजता येतात. या माणसाचं घर कुठे आहे, पगार का अडकला, त्याच्याशी कसं बोलायचं, हे तुम्हाला माहीत आहे. नव्वद दिवसांच्या आत ते बोलणं व्हावं, एवढ्यासाठी ही यादी. आता विचारा, काय विचारायचं ते.”

यातला तिसरा मुद्दा बोलायला सोपा आणि पाळायला अवघड आहे. चुका ठरावीक ठिकाणी होतात. ग्राहकाने पैसे भरलेले असतात, पण ते कर्जखात्यात न जाता सस्पेन्स खात्यात पडून राहतात. मग माणूस यादीत थकबाकीदार दिसतो आणि त्याला उगाच फोन जातो. याच्या उलट चूक जास्त घातक असते. कर्ज मंजूर करताना हप्त्यांचं वेळापत्रकच चुकीचं भरलं गेलं, पहिल्या हप्त्याची तारीख महिनाभर पुढची पडली, तर थकलेलं खातं यादीत येतच नाही, आणि जे यादीत नाही त्याची शंका कोणाला येत नाही. म्हणून ताडून पाहायची पाच खाती फक्त यादीतून घेऊन चालत नाही. त्यातली दोन यादीबाहेरची, नुकतीच वाटप झालेली असावीत आणि त्यांचं वेळापत्रक मंजुरीपत्राशी मिळवून पाहावं. यादीखालची कर्जांची एकूण शिल्लक जनरल लेजरच्या शिल्लकेशी जुळते का, हेही पाहावं लागतं. जुळत नसेल, तर कुठला तरी कर्जप्रकार गळला आहे किंवा दिवसअखेर पूर्ण होण्याआधीच यादी निघाली आहे.

हे काम जुन्या माणसांइतकं चांगलं कोणी करू शकत नाही. ज्याने वर्षानुवर्षं रजिस्टर ठेवलं, त्याला यादी पाहताच कळतं, की अमुक दुकानदार हप्ता चुकवणारा नव्हे, इथे नोंदीचा घोळ असणार. शाखाधिकाऱ्याने पडताळणीची जबाबदारी त्याच्याकडे दिली, तर त्याचं ज्ञान वाया जात नाही आणि यादीवर शाखेचा विश्वासही बसतो. मात्र दिलेला शब्द पाळला पाहिजे. दोन आठवडे उलटून गेले तरी रजिस्टर चालूच राहिलं, किंवा पहिल्याच मासिक सभेत यादीवरून कोणाला झापलं गेलं, तर लोक यादी उघडतील, खाली सही करतील आणि ठेवून देतील. मग शिक्षकाला 7 ऑक्टोबरच्या आत फोन जाणार नाही.

कर्जदार वाचकांनीही यातून एक गोष्ट करून ठेवावी. पगाराचं खातं किंवा मोबाइल नंबर बदलला असेल, तर कर्ज असलेल्या शाखेत तो याच आठवड्यात नोंदवा आणि हप्ता कोणत्या खात्यातून वळता होतो, हे विचारून घ्या.