दोन तारांवरचे समान व्होल्टेज : कंडेन्सर माईक आणि फँटम पॉवर

स्नेहसंमेलन असो, पालक-मेळावा असो की वर्धापनदिनाचे व्याख्यान असो, हल्ली पोडियमवर बारीक मानेचा, टोकाशी बोटाएवढा माईक हमखास दिसतो. हा माईक कंडेन्सर जातीचा असतो. मिक्सरवर ‘४८ व्होल्ट’ असे लिहिलेले एक बटण असते. ते दाबल्याशिवाय हा माईक बोलत नाही. शेजारी ठेवलेला जाड जाळीचा हातातला माईक मात्र ते बटण न दाबताही व्यवस्थित चालतो. असे का होते, आणि ते बटण दाबताच कधी कधी कर्ण्यांतून कानठळ्या बसवणारा आवाज का येतो, असे आमच्या माजी विद्यार्थ्यांनी अनेकदा विचारले आहे. त्यांतील पुष्कळजण आज आपापल्या गावी सभांची ध्वनिव्यवस्था सांभाळतात. त्यांच्या हाती उपयोगी पडावे म्हणून हा विषय येथे थोडा सविस्तर मांडतो.

हातातला नेहमीचा माईक डायनॅमिक जातीचा असतो. त्यात पडद्याला तारेचे एक बारीक वेटोळे चिकटवलेले असते आणि ते चुंबकाच्या फटीत हलते. वेटोळे हलले की वीज आपोआप निर्माण होते. सायकलचा डायनमो ज्या तत्त्वावर चालतो तेच हे तत्त्व असल्याने त्याला बाहेरून काहीच पुरवावे लागत नाही.

कंडेन्सर माईकमध्ये चुंबकही नसते आणि वेटोळेही नसते. १९१६ च्या सुमारास अमेरिकेत ई. सी. वेंट या अभियंत्याने तो प्रथम घडवला, आणि त्याची मूळ रचना आजही तीच आहे. धातूचा मुलामा दिलेला अतिशय पातळ पडदा आणि त्याच्यामागे केसाच्या जाडीहूनही कमी अंतरावर बसवलेली धातूची तबकडी, एवढाच त्याचा गाभा. या दोहोंवर विद्युतप्रभार साठवला, तर आवाजाने पडदा मागेपुढे झाला की दोहोंतील अंतर बदलते, आणि त्याबरोबर त्यांच्यातील व्होल्टेजही बदलते. हा बदल म्हणजेच आपला आवाज. प्रभारच नसेल, तर पडदा कितीही हलला तरी व्होल्टेज बदलण्याचा प्रश्नच येत नाही. माईकला वीज लागण्याचे हे पहिले कारण झाले.

दुसरे कारण याहून महत्त्वाचे असूनही सहसा सांगितले जात नाही. पडदा आणि तबकडी मिळून जो कपॅसिटर होतो, त्याची धारकता पन्नास पिकोफॅरडच्या आसपास, म्हणजे अगदीच चिमुकली असते. माईकच्या केबलची स्वतःची धारकता दर मीटरला साधारण शंभर पिकोफॅरड धरता येईल. सभागृहातील वीस मीटर केबल सरळ त्या पडद्याला जोडली, तर पन्नासाचा तो चिमुकला साठा दोन हजारांच्या केबलमध्ये वाटला जाईल आणि आवाज जवळजवळ एकेचाळिसावा हिस्सा उरेल. ओंजळभर पाणी हौदात ओतल्यावर पातळी किती वाढणार? म्हणून माईकच्या पोटातच, पडद्याला खेटून, एक छोटे इलेक्ट्रॉनिक सर्किट बसवलेले असते. ते पडद्याकडून जवळजवळ काहीच घेत नाही, पण पुढची लांब केबल समर्थपणे पेलते. या सर्किटला वीज लागतेच.

पोडियमवरचे बहुतेक माईक आज इलेक्ट्रेट प्रकारचे असतात. १९६२ साली बेल प्रयोगशाळेतील गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी कायमचा प्रभार धरून ठेवणाऱ्या पातळ प्लास्टिकचा असा माईक सिद्ध केला. त्यामुळे पहिली गरज संपली. दुसरी मात्र राहिली. ‘इलेक्ट्रेट आहे, मग फँटम कशाला?’ या प्रश्नाचे उत्तर त्या आतल्या सर्किटात आहे.

आता ही वीज माईकपर्यंत न्यायची कशी? जुन्या काळी प्रत्येक माईकसाठी वेगळा वीजपुरवठ्याचा डबा आणि अनेक तारांची जाड केबल लागे. १९६६ साली जर्मनीच्या न्यूमन कंपनीने नॉर्वेच्या नभोवाणीसाठी जी पद्धत तयार केली, तिने हा पसारा संपवला. तेथील स्टुडिओत पर्यायी दिव्यांसाठी ४८ व्होल्टचा पुरवठा आधीच होता, म्हणून तोच आकडा ठरला आणि पुढे तो जगभर प्रमाण झाला.

या पद्धतीतील युक्ती समजण्यासाठी माईकची केबल आठवावी. तिच्या एक्सएलआर जोडणीत तीन पिना असतात. पहिल्या पिनेला केबलची जाळी, म्हणजे अर्थ. दुसऱ्या आणि तिसऱ्या पिनेला आवाजाच्या दोन तारा. मिक्सर या दोन तारांतील फक्त फरक ऐकतो. दोहोंवर जे सारखे असेल त्याकडे तो दुर्लक्ष करतो. त्यामुळे ४८ व्होल्ट दोन्ही तारांवर अगदी सारखे चढवले, तर मिक्सरच्या लेखी काहीच घडत नाही. तराजूच्या दोन्ही पारड्यांत समान वजने टाकली तरी दांडी हलत नाही, आणि एखादी माशी एका पारड्यात बसली तर तेवढाच झुकाव दिसतो, तसेच हे. वीज दोन तारांनी जाते, जाळीवाटे परत येते, आणि आवाज त्याच तारांतून निर्वेध वाहतो. असूनही न दिसणारी, म्हणून तिला ‘फँटम’ म्हणतात.

समानता राखण्यासाठी मिक्सरमध्ये प्रत्येक तारेच्या वाटेत ६.८ किलोओहमचा एकेक रेझिस्टर असतो, आणि ही जोडी एकमेकांशी अतिशय काटेकोर जुळवलेली असते. डायनॅमिक माईक चुकून या पुरवठ्यावर लागला तरी तो का बिघडत नाही, हेही येथेच कळते. त्याच्या वेटोळ्याच्या दोन्ही टोकांना सारखेच व्होल्टेज असते. टोकांत फरक नाही, म्हणून वेटोळ्यातून प्रवाहही नाही. ‘फँटम चालू केले की साधे माईक जळतात’ ही समजूत गावोगावी ऐकू येते. केबल निर्दोष असेल तर ती खरी नाही.

मात्र ‘केबल निर्दोष असेल तर’ या शब्दांतच सगळे आले. फँटमचे बहुतेक अपघात या समानतेला तडा गेल्याने होतात. तीन-चार माईक आणि एक कीबोर्ड जोडलेला छोटा मिक्सर डोळ्यांपुढे आणावा. अशा मिक्सरवर फँटमचे बटण बहुधा एकच असते; पोडियमच्या माईकसाठी ते दाबले की सर्वच एक्सएलआर जोडण्यांवर ४८ व्होल्ट येतात.

पहिल्या वाहिनीवर पोडियमचा माईक आहे आणि तो ४ मिलिअँपिअर प्रवाह घेतो असे समजू. प्रत्येक तारेतून दोन मिलिअँपिअर जातील, रेझिस्टरमध्ये १३.६ व्होल्ट खर्च होतील आणि माईकला सुमारे ३४ व्होल्ट मिळतील. हे अपेक्षितच आहे. आता केबल वारंवार गुंडाळल्याने तिसऱ्या पिनेची तार आतून तुटली, तर चारही मिलिअँपिअर एकाच रेझिस्टरमधून जातील, २७ व्होल्ट तेथेच संपतील आणि माईकला जेमतेम २१ व्होल्ट उरतील. पुष्कळ माईक एवढ्यावरही बंद पडत नाहीत, पण आवाज क्षीण होतो, मोठ्याने बोलले की फाटतो आणि मागे गुणगुण सुरू होते. अशा वेळी माणसे माईक दुरुस्तीला नेतात आणि दोष केबलमध्येच राहतो.

दुसऱ्या वाहिनीवर डायनॅमिक माईक आहे आणि त्याच्या केबलमध्ये तिसरी पिन सैल डाखामुळे जाळीला टेकली आहे. आता एका टोकाला अर्थ आणि दुसऱ्या टोकाला पुरवठा, म्हणून वेटोळ्यातून सुमारे सात मिलिअँपिअर वाहू लागतात. वेटोळे जागचे किंचित सरकते, आणि केबल हलली की कडकड ऐकू येते. एवढ्याने तो माईक सहसा मरत नाही. पण त्या जागी जुना रिबन माईक असेल, तर गोष्ट वेगळी. त्यातील ॲल्युमिनियमची पट्टी काही मायक्रॉन जाडीची असते. अशा धक्क्याने ती ताणली किंवा फाटली जाऊ शकते.

खरी हानी होते ती तिसऱ्या वाहिनीवर, जेथे कीबोर्डचा आवाज घरी बनवलेल्या केबलने एक्सएलआरमध्ये घातलेला असतो. कीबोर्डला बाहेरून व्होल्टेज येईल अशी अपेक्षाच नसते. त्याच्या निर्गमनाशी १६ व्होल्टचा कपॅसिटर आणि तेथून अर्थला १० किलोओहमचा रेझिस्टर असेल, तर ६.८ आणि १० यांच्या वाटणीत त्या कपॅसिटरवर जवळजवळ २८ व्होल्ट येतात. तो लगेच फुटेलच असे नाही. कदाचित पुढच्या कार्यक्रमात फुटेल, आणि तेव्हा कारण कोणाच्या ध्यानातही येणार नाही. लॅपटॉप आणि मोबाईल यांनाही हाच धोका. उपाय सोपा आहे. बहुतेक मिक्सरवर फँटम फक्त एक्सएलआरवर येते, म्हणून अशी उपकरणे जाड जॅकच्या लाईन जोडणीत लावावीत. एक्सएलआरच वापरायचे असेल, तर मध्ये रोहित्र असलेला डीआय बॉक्स ठेवावा. रोहित्रातून आवाज पलीकडे जातो, स्थिर व्होल्टेज जात नाही.

उरला तो कानठळ्यांचा आवाज. फँटम चालू असताना केबल खुपसली, तर दुसरी आणि तिसरी पिन एकाच क्षणी टेकत नाहीत. त्या निमिषात एका तारेवर व्होल्टेज बदलते, दुसरीवर नाही, आणि हा फरक मिक्सर इमानाने मोठा करून कर्ण्यांकडे पाठवतो. माईकचा आवाज काही मिलिव्होल्टचा. हा धक्का त्याच्या हजारो पट. उंच स्वरांचे नाजूक कर्णे यातच जातात. वाहिनी मूक केल्याने कर्णे वाचतात, पण मिक्सरच्या पहिल्या ॲम्प्लिफायरला बसणारा धक्का टळत नाही, हे ध्यानात असावे. म्हणून आधी केबल जोडावी, वाहिनी मूक आणि फेडर खाली असल्याची खात्री करावी, मग फँटम चालू करावे आणि माईकचे सर्किट स्थिरावायला अर्धा मिनिट द्यावा. काढताना आधी फँटम बंद करावे. मिक्सरमधील कपॅसिटर रिते होईपर्यंत मिनिटभर थांबावे आणि मगच केबल ओढावी.

शंका आली तर साधा मल्टिमीटर पुरतो. माईक काढून, फँटम चालू ठेवून, केबलच्या माईककडील टोकाशी पहिल्या आणि दुसऱ्या, नंतर पहिल्या आणि तिसऱ्या छिद्रात टोके लावावीत. ती एकमेकांना भिडू देऊ नयेत. दोन्ही वेळा ४४ ते ५२ व्होल्टच्या दरम्यान एकच आकडा यायला हवा, आणि दुसऱ्या-तिसऱ्यामध्ये शून्य. एका बाजूस ४८ आणि दुसऱ्या बाजूस शून्य किंवा बरेच कमी आले, तर केबल बदलून पुन्हा मोजावे. नव्या केबलनेही तोच फरक राहिला, तर दोष मिक्सरच्या त्या वाहिनीत आहे. दोन्ही बाजूंना १५-२० व्होल्टच येत असतील, तर मिक्सरचा पुरवठाच अशक्त आहे. काही स्वस्त मिक्सरवर बटणाशी आकडा ४८ असतो, पण मीटर तसे म्हणत नाही. अशा ठिकाणी कमी व्होल्टेजवर चालणारा इलेक्ट्रेट माईकच निवडावा.