थकबाकीचं वय

भोसरीतला एखादा सुटे भाग बनवणारा कारखानदार घ्या. त्याची तीन बिलं अडकली आहेत: 2,40,000, 65,000 आणि 9,000 रुपयांची. पहिला फोन कुणाला करायचा? मोठ्या आकड्याकडे मन धावतं, पण विचार बिलाच्या वयाचा करायला हवा.

एक्सेलमध्ये C रकान्यात पैसे येण्याची ठरलेली तारीख लिहा, D मध्ये बाकी रक्कम. वय बिलाच्या तारखेपासून मोजू नका, नाहीतर मुदतीतलं गिऱ्हाईकही थकबाकीदार दिसेल. E मध्ये हे सूत्र:

```
=IF(D2>0,TODAY()-C2,"")
```

आता दिसतं की 2,40,000 ची मुदत टळून फक्त 12 दिवस झालेत. तिथे आठवणीचा संदेश पुरे. 65,000 ला 70 दिवस झालेत. माझ्या मते पहिला फोन इथेच, कारण रक्कम मोठी आहे आणि ती हातची जाऊ लागली आहे. 9,000 ला 110 दिवस झालेत. इतकी छोटी रक्कम एवढी रखडली, तर बहुधा मालाबद्दल तक्रार असते. ती आधी विचारा.

तारखांवर मात्र नजर ठेवा. संगणक अमेरिकी पद्धतीवर असेल तर 05/04 म्हणजे 5 एप्रिल न राहता 4 मे होतो, आणि वय गुपचूप चुकतं. 25/04 ही तारीख तर तो नुसता मजकूर समजतो, म्हणून ती चौकटीत डावीकडे चिकटते.

नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उत्पादकाचे पैसे 45 दिवसांच्या आत द्यावेत, असं 2006 चा कायदा सांगतो. पुढच्या विलंबावर चक्रवाढ व्याज मागता येतं.