किंमत वाढली, विक्री घटली; दोष कोणाचा?

ऑनलाइन विकला जाणारा स्टीलचा डबा ४९९ रुपयांवरून ५४९ला नेला आणि मागणी घटली, तर बोट लगेच किमतीकडे जाते. पण त्याच आठवड्यात दिवाळी संपलेली असू शकते. म्हणून सलग महिनाभर एक आणि पुढे दुसरी किंमत ठेवण्यापेक्षा दर आठवड्याला आलटूनपालटून ठेवणे बरे. सोबत किंमत न बदललेल्या इतर डब्यांची विक्रीही पाहावी.

समजा, दोन्ही किमतींच्या आठवड्यांत मिळून प्रत्येकी १०,००० लोकांनी पान पाहिले. ४९९ला ४०० आणि ५४९ला ३०० डबे गेले. दुसऱ्या गटाच्या आठवड्यांत इतर डब्यांची विक्रीही दहा टक्क्यांनी कमी होती. म्हणजे जुन्या किमतीतही साधारण ३६०च गेले असते. किमतीमुळे गेलेले ग्राहक साठच. खर्च वजा जाता डब्यामागे ९० ऐवजी १३२ रुपये उरत असतील, तर नफा ३२,४०० वरून ३९,६०० होतो. मात्र ४० विरुद्ध ३० असा फरक निव्वळ योगायोगही असू शकतो.

जाहिरातीचे बजेट आणि बोली या काळात गोठवावी. जाहिरातीतून आलेला माणूस बहुधा कमी खरेदी करतो. त्याचे प्रमाण वाढले की किमतीवर नाहक ठपका येतो, म्हणून त्याचा हिशेब वेगळा ठेवावा.

साठा सर्वांत फसवा. माल संपलेले दिवस तर वगळावेतच, पण जवळच्या गोदामातला माल संपून घरपोच मिळण्याची तारीख लांबली असेल, तर तेही दिवस वगळावेत.