थकलेल्या बिलाची आठवण

छपाईचा व्यवसाय करणाऱ्या मैत्रिणीने गिऱ्हाइकाला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं होतं, ‘सर, कितीदा सांगायचं? कागदवाल्याचे पैसे द्यायचेत, आज काहीही करून पाठवा.’ यात ना रक्कम, ना बिल क्रमांक. समोरच्याला जुनं बिल शोधत बसावं लागतं आणि उत्तर लांबतं. आम्ही ते असं बदललं:

‘नमस्कार सर. लग्नपत्रिकांचं बिल क्र. ४७, रु. ८,५००, मुदत १० जून. रक्कम जमा झालेली दिसत नाही. शुक्रवारपर्यंत पाठवता येईल का? बिल सोबत जोडलं आहे.’

‘दिसत नाही’ हे मुद्दाम ठेवलं. पैसे आधीच पाठवले असतील, तर गिऱ्हाईक दुखावत नाही. आता शुक्रवारपर्यंत थांबायचं. निळ्या खुणा दिसल्या म्हणून लगेच ‘??’ टाकायचं नाही.